हत्ती गेला, शेपूट राहिलं

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमधलं एक घर डोळ्यांसमोर आणा. तीन बेडरूम, मागं छोटं अंगण, अंगणात लिंबाचं झाड. समजा, मालक मूळचे पुण्याचे जोडपं आहे. मुलगी कॉलेजला गेली, घर मोठं वाटू लागलं, म्हणून १ मार्चला त्यांनी एका ब्रोकरशी सहा महिन्यांचा करार केला. किंमत बारा लाख डॉलर, कमिशन अडीच टक्के. माणसं आली, घर बघून गेली, दोघातिघांनी किंमत पाडून मागितली, पण सौदा काही झाला नाही. ३१ ऑगस्टच्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी करार संपला. कॅलिफोर्नियात बहुतेक ब्रोकर वापरतात त्या छापील फॉर्ममध्ये तारखेबरोबर हे मिनिटही नमूद असतं.

१ सप्टेंबरच्या सकाळी नवरा-बायको चहा घेताना म्हणतात, "सुटलो एकदाचे." तेवढ्यात फोन वाजतो. पलीकडे कुणी अनोळखी एजंट असतो, आणि दुपारपर्यंत असे दहा फोन येतात. घरांची नोंद ठेवणाऱ्या एमएलएस या सामायिक यादीत त्या घरापुढं रात्रीतून 'एक्स्पायर्ड' असा शेरा पडलेला असतो आणि रोज सकाळी तो शेरा शोधणं हेच कित्येक एजंटांचं पहिलं काम असतं. रिअल्टर संघटनेच्या आचारसंहितेनुसार दुसऱ्या ब्रोकरकडे एक्स्क्लुझिव्ह असलेल्या घराच्या मालकाकडे काम मागायला जाता येत नाही. मुदत संपली की ही आडकाठी उरत नाही, म्हणून फोन नेमके त्याच दिवशी सुरू होतात. या गडबडीत मालक चार दिवसांत नव्या ब्रोकरच्या कागदावर सही करतो, आणि पुढच्या तीन महिन्यांत तीस हजार डॉलरचा फटका बसण्याची बीजं इथंच पेरली जातात.

हे कसं घडतं ते कळायला आधी 'एक्स्क्लुझिव्ह' शब्दाचा अर्थ नीट लावावा लागतो. पुण्यात किंवा ठाण्यात फ्लॅट विकायचा तर माणूस चार-पाच दलालांना सांगून ठेवतो, एखाद्याकडे चावी देतो, आणि जो गिऱ्हाईक आणेल त्याला दलाली मिळते. बाकीच्यांचं देणं लागत नाही. अमेरिकेत घरविक्रीसाठी सर्रास होतो तो करार 'एक्स्क्लुझिव्ह राइट टू सेल' या जातीचा. मुदतीत घर कुणीही विकलं, दुसऱ्या एजंटनं गिऱ्हाईक आणलं किंवा मालकानं आपल्याच आतेभावाला दिलं, तरी कमिशन करार केलेल्या ब्रोकरचंच. याहून सौम्य 'एक्स्क्लुझिव्ह एजन्सी' असते. तिच्यात मालकानं स्वतः गिऱ्हाईक शोधलं तर कमिशन द्यावं लागत नाही. मायदेशाची सवय मनात धरून अमेरिकेतल्या कागदावर सही करणाऱ्याला हा फरक बऱ्याचदा सौदा हातातोंडाशी आल्यावरच कळतो.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्यायला हवी. करार घरी येऊन गोड बोलणाऱ्या एजंटशी झालेला नसतो. तो त्याच्या ब्रोकरेजशी, म्हणजे कंपनीशी असतो. एजंट कंपनी सोडून गेला तर लिस्टिंग कंपनीकडेच राहतं. म्हणून करार संपल्याचं पत्र एजंटच्या व्हॉट्सॲपवर पाठवून भागत नाही, ते ब्रोकरेजच्या कचेरीला गेलं पाहिजे.

आता मूळ प्रश्न. मुदत संपली की करार मोडावा लागतो का? नाही, तो आपोआप संपतो. कॅलिफोर्नियाच्या व्यवसायविषयक कायद्याचं कलम १०१७६ सांगतं की एक्स्क्लुझिव्ह करारात अखेरची ठराविक तारीख नसताना ब्रोकरनं कमिशन मागितलं, तर त्याचा परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. 'मालक लेखी कळवेपर्यंत चालू राहील' अशी मोघम भाषा त्यामुळे चालत नाही. मालकानं काही कळवलं नाही तरी ठरलेल्या मिनिटाला करार संपतो.

तारखेवर कायद्याचा एवढा कटाक्ष का, हे फ्लोरिडातल्या एमव्ही रिअल्टी कंपनीच्या प्रकरणावरून दिसतं. ही कंपनी घरमालकांना काहीशे ते काही हजार डॉलर रोख द्यायची आणि बदल्यात एका कागदावर सही घ्यायची. कागद असा की पुढच्या चाळीस वर्षांत घर विकायचं झालं तर ते याच कंपनीमार्फत विकायचं, आणि करार मोडला तर घराच्या किमतीच्या तीन टक्के भरायचे. कराराची नोंद सरकारी दप्तरात केली जायची, त्यामुळे घर विकताना किंवा त्यावर नवं कर्ज काढताना ती आडवी यायची. २०२२ पासून फ्लोरिडा, मॅसॅच्युसेट्स, पेनसिल्व्हेनिया अशा राज्यांच्या ॲटर्नी जनरलनी खटले भरले आणि २०२३ मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच सुमारास अनेक राज्यांनी अशा करारांना वेसण घातली. कॅलिफोर्नियानं एका कुटुंबासाठीच्या घराच्या एक्स्क्लुझिव्ह करारावर चोवीस महिन्यांची कमाल मर्यादा आणली. नूतनीकरण एका वेळी बारा महिन्यांपेक्षा जास्त नाही, तेही नव्या सह्यांनी, आणि असा करार सरकारी दप्तरात नोंदवता येत नाही.

मुदतीच्या आत करार मोडणं आणि मुदत संपू देणं यांत मोठा फरक आहे. पाम स्प्रिंग्जमधल्या एका घरमालकिणीनं मुदत बाकी असताना ब्रोकरला काम थांबवायला सांगितलं. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७४ मध्ये निकाल ब्रोकरच्या बाजूनं लागला. मालकानं मधेच घर मागे घेतलं तर पूर्ण कमिशन द्यायचं, हे कराराचं कलम म्हणजे बेकायदा दंड नाही, असं न्यायालयानं ठरवलं. म्हणून ब्रोकरवर नाराज असलेल्या मालकाला शेवटच्या दोन-तीन आठवड्यांसाठी जाणते लोक एकच सल्ला देतात: भांडू नका, तारीख येऊ द्या. एमएलएसवर 'विथड्रॉन' आणि 'एक्स्पायर्ड' हे दोन वेगळे शेरे आहेत तेही याचसाठी. पहिल्यात जाहिरात थांबलेली असते, पण करार जिवंत असतो.

समजा, तारीख गेली. ब्रोकरेजला निरोपाचं पत्र धाडण्याआधी मालकानं एक गोष्ट तपासावी. मुदतीत कुणी पूर्ण मागितलेल्या किमतीची, साऱ्या अटी मान्य असलेली लेखी ऑफर दिली होती का? घ्यायला तयार आणि पैशानं समर्थ असं गिऱ्हाईक ब्रोकरनं मुदतीत आणलं असेल, तर मालकानं नकार दिला तरी ब्रोकरचा कमिशनवरचा हक्क तयार झालेला असू शकतो. फ्रीमाँटच्या घराला आलेल्या ऑफर कमी किमतीच्या होत्या, म्हणून तो प्रश्न नव्हता.

प्रश्न शेपटाचा होता.

हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, असं आपण म्हणतो. तिकडच्या धंद्यात या कलमाला खरोखरच 'टेल' म्हणतात, म्हणजे शेपूट. फॉर्ममध्ये त्याची मांडणी साधारण अशी असते: करार संपल्यावर अमुक दिवसांच्या आत, मुदतीत ज्याला हे घर आत नेऊन दाखवलं किंवा ज्याच्याकडून सही केलेली लेखी ऑफर आली, अशा कुणाशी मालकानं विक्रीचा करार केला तर जुन्या ब्रोकरला ठरलेलं कमिशन मिळेल. दिवसांचा आकडा छापलेला नसतो, ती जागा कोरी असते. ३०, ६०, ९०, कधी १८०. आकडा सही करतानाच भरला जातो आणि तो ठरवायला वाव असतो. तेव्हा मालकाचं सारं लक्ष किमतीकडे असतं, त्यामुळे एजंट लिहील तो आकडा राहतो.

कलम अन्यायाचं नाही. ते नसतं तर गिऱ्हाईक आणि मालक संगनमत करून ३१ ऑगस्ट उलटू देतील, १ सप्टेंबरला सही करतील आणि सहा महिने उन्हात उभं राहून ओपन हाऊस केलेला माणूस कोरडा राहील. पण ते मोकाटही सोडलेलं नाही. कॅलिफोर्नियाच्या प्रचलित फॉर्ममध्ये ब्रोकरवर एक जबाबदारी आहे. करार संपल्यापासून तीन कॅलेंडर दिवसांत त्यानं अशा गिऱ्हाइकांच्या नावांची लेखी यादी मालकाला द्यायची. ती दिली नाही, तर शेपटाच्या आधारे कमिशन मागायचा हक्क त्याला राहत नाही. टेक्सासमध्ये रिअल्टर वापरतात त्या फॉर्ममध्ये हीच मुदत दहा दिवसांची आहे.

म्हणजे मालकाच्या दृष्टीनं पहिले तीन दिवस सर्वांत महत्त्वाचे. निरोपाचं पत्र १ सप्टेंबरलाच जावं, पण त्यात यादी मागण्याची गरज नाही. कराराची तारीख, घराचा पत्ता, करार कधी संपला आणि तो वाढवायचा नाही एवढं लिहावं. जाहिरात थांबवा, दारावरची लॉकबॉक्स आणि अंगणातली पाटी काढून न्या, हेही लिहावं. यादी देणं हे ब्रोकरचं काम आहे आणि त्याची आठवण करून देणं हे मालकाचं काम नाही. यादी आली नाही तर ४ सप्टेंबरला दोन ओळींचा ईमेल: करारात ठरलेल्या तीन दिवसांत यादी मिळालेली नाही, याची नोंद घ्यावी. हा ईमेल जपून ठेवायचा.

फ्रीमाँटच्या जोडप्याला २ सप्टेंबरला यादी मिळाली. त्यात चार नावं होती. शेपूट ९० दिवसांचं, म्हणजे २९ नोव्हेंबरपर्यंत. त्यांनी यादी ड्रॉवरमध्ये टाकली आणि १५ सप्टेंबरला दुसऱ्या ब्रोकरशी नवा करार केला, पुन्हा अडीच टक्क्यांवर. त्या फॉर्ममध्येही एक कोरी जागा होती. जुन्या ब्रोकरशी काही देणं बाकी असेल तर ती नावं लिहा, अशी. एजंटनं विचारलं, "काही आहे का?" त्यांनी म्हटलं, "नाही, तो करार संपला." जागा कोरीच राहिली.

ऑक्टोबरमध्ये किंमत अकरा लाख नव्वद हजारांवर आली. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात अकरा लाख ऐंशी हजारांची ऑफर आली आणि दोन दिवसांत सह्या झाल्या. गिऱ्हाईक यादीतल्या तिसऱ्या नावाचं होतं. जुलैमध्ये घर बघून महाग वाटलं म्हणून गेलेलं, किंमत उतरल्यावर परत आलेलं. जुन्या ब्रोकरचं मागणीपत्र आलं: अकरा लाख ऐंशी हजारांचे अडीच टक्के, म्हणजे २९,५०० डॉलर. नव्या ब्रोकरचेही तेवढेच. मिळून ५९,००० डॉलर. गिऱ्हाइकाच्या एजंटला काही द्यायचं कबूल केलं असेल तर ते याशिवाय.

इथं बहुतेक मालक म्हणतात की हे दोन्ही ब्रोकरनी आपसांत वाटून घ्यावं. पण ते दोन वेगळे करार आहेत, दोन्हींवर मालकाची सही आहे, आणि दोघांपैकी कुणी दुसऱ्याचं वचन पाळायला बांधील नाही.

त्या कोऱ्या जागेत चार नावं लिहिली असती तर? फॉर्म सांगतो की जुन्या ब्रोकरचं देणं चालू असताना यातल्या कुणाला घर विकलं गेलं, तर नव्या ब्रोकरला कमिशन नाही. पण लगेच पुढं असंही आहे की त्या व्यवहारात मालकाचं काम बघायला नवा ब्रोकर बांधील नाही. म्हणजे दुसरं कमिशन वाचतं, पण त्या एका सौद्यात मालक एकटा पडू शकतो आणि त्याला जुन्या ब्रोकरकडे किंवा वकिलाकडे जावं लागतं. ही सोय फुकट नाही, तरी दुहेरी कमिशनच्या मानानं खर्च थोडा.

टेक्सासच्या रिअल्टर फॉर्ममध्ये मालकाला याहून मोकळीक आहे. विक्रीच्या वेळी घर राज्यातल्या दुसऱ्या रिअल्टरकडे एक्स्क्लुझिव्ह असेल आणि त्याला कमिशन द्यायचं असेल, तर जुन्याचं शेपूट लागूच होत नाही. कॅनडातल्या ओंटारियोच्या नेहमीच्या फॉर्ममध्ये शेपटाला 'होल्डओव्हर' म्हणतात, आणि नव्या ब्रोकरेजला दिलेली रक्कम जुन्याच्या मागणीतून वजा होते. असं वाक्य आपल्या करारात घालून घेणं कॅलिफोर्नियातही शक्य आहे. मात्र ते पहिल्या सहीच्या आधी घालून घ्यावं लागतं, नंतर ब्रोकरनं ते मान्य करण्याचं काही कारण उरत नाही.

यादी आली म्हणून ती जशीच्या तशी स्वीकारावी असंही नाही. फॉर्मचे शब्द नेमके आहेत: जो माणूस प्रत्यक्ष घरात आला आणि ज्याला घर दाखवलं गेलं. ज्यानं संकेतस्थळावर फोटो पाहून फोनवर चौकशी केली तो यात येत नाही. कधीकधी ब्रोकर ओपन हाऊसच्या वहीतली चाळीस नावं उतरवून पाठवतो, त्यात शेजारीपाजारीही असतात. अशा वेळी मालकानं त्याच आठवड्यात लेखी विचारावं: यांतल्या कोणाला, कोणत्या दिवशी, कुणी घर दाखवलं? प्रामाणिक ब्रोकरकडे ही नोंद असते, कारण लॉकबॉक्स कधी आणि कुणी उघडली हे इलेक्ट्रॉनिक कुलपात टिपलेलं असतं. तीन महिन्यांनी पैशाचा प्रश्न उभा राहिल्यावर घेतलेल्या हरकतीपेक्षा सप्टेंबरात घेतलेल्या हरकतीला वजन जास्त.

ब्रोकरचा शेवटचा प्रयत्न बहुधा मुदत वाढवण्याचा असतो. ऑगस्टच्या अखेरीस फोनवर डॉक्युसाइनचा दुवा येतो, "फक्त औपचारिकता आहे, तीस दिवस वाढवू." बोट टेकवलं की सही झाली. हे पान उघडून वाचावं, कारण त्यानं फक्त तारीख पुढं जात नाही, शेपूटही पुढं सरकतं. ३० सप्टेंबरपर्यंत वाढलेल्या कराराचे ९० दिवस २९ डिसेंबरला संपतात आणि यादीत सप्टेंबरात आलेल्यांची भर पडते. उलट, तोंडी बोलण्याला घाबरायचं कारण नाही. घर विकण्याच्या कमिशनचा करार लेखीच हवा, असं कॅलिफोर्नियाच्या दिवाणी संहितेचं कलम १६२४ म्हणतं. फोनवर "हो, बघू, चालू ठेवा" म्हटल्यानं मुदत वाढत नाही. ईमेलवरच्या 'ओके'ची गोष्ट वेगळी. इलेक्ट्रॉनिक मजकूरही सही केलेला कागद ठरू शकतो, म्हणून तिथं शब्द मोजून लिहावेत.

बाकीची आवराआवर साधी आहे. फोटोंवरचा हक्क बहुतेक वेळा फोटोग्राफरचा किंवा ब्रोकरेजचा असतो. नव्या ब्रोकरनं ते परवानगीशिवाय वापरू नयेत. घराच्या तपासणीचे अहवाल आणि मालकानं भरलेली माहितीपत्रकं यांच्या प्रती मागून घ्याव्यात, नव्या विक्रीत त्या लागतात. घर किती दिवस बाजारात आहे हा एमएलएसवरचा आकडा दुसऱ्या दिवशी नवी लिस्टिंग केल्यानं शून्यावर येईलच असं नाही. काही काळ घर बाजाराबाहेर ठेवल्याशिवाय तो पुसला जात नाही, आणि तो काळ प्रत्येक एमएलएसचा वेगळा आहे. 'एक्स्पायर्ड' पाहून फोन करणारे एजंट हा भाग सहसा सांगत नाहीत.

आता समजा, फ्रीमाँटच्या जोडप्यानं सारं नीट केलं. चार नावं नव्या करारात लिहिली. आणि तिसऱ्या नावाचं गिऱ्हाईक २४ नोव्हेंबरला आलं, शेपूट संपायला पाच दिवस असताना. मनात येणारच की आठवडाभर थांबावं, सही ३० तारखेला करावी. कलमात महत्त्वाची असते ती विक्रीच्या करारावर सही झाल्याची तारीख, ताबा देण्याची नव्हे. म्हणून वरवर पाहता हे जमतं. पण किंमत आणि अटी २४ लाच ठरल्या, ईमेलवर होकार गेला आणि सही तेवढी मुद्दाम मागे ठेवली, असं दिसलं तर ब्रोकर मालकाच्या प्रामाणिकपणावर बोट ठेवू शकतो, आणि तेच ईमेल त्याच्या हातातला पुरावा होतात. करारात आधी मध्यस्थापुढे बसण्याची अट असते. ते फिसकटलं तर न्यायालय किंवा लवाद. व्यक्तीसाठी छोट्या दाव्यांच्या न्यायालयाची मर्यादा कॅलिफोर्नियात १२,५०० डॉलरची आहे, तीस हजारांचा वाद तिथं बसत नाही.

यापेक्षा सरळ वाट म्हणजे त्याच दिवशी जुन्या ब्रोकरेजला फोन करणं. गिऱ्हाईक तुमच्या यादीतलं आहे, पण तुमच्या वेळच्या किमतीला त्यानं घेतलं नाही, ते नव्या ब्रोकरच्या मेहनतीनं परत आलं, असं सांगावं. सव्वा टक्का तुम्ही घ्या, सव्वा टक्का त्यांना देतो, असं सुचवावं. अकरा लाख ऐंशी हजारांवर प्रत्येकी १४,७५० डॉलर होतात. कमिशनचा दर कायद्यानं बांधलेला नाही, त्यामुळे अशी तडजोड पूर्णपणे वैध आहे. ब्रोकर नाही म्हणू शकतो. पण पाच दिवसांनी शून्यावर येऊ शकणाऱ्या हक्कासाठी आज हातात अर्धी रक्कम येत असेल, तर बरेच जण हो म्हणतात. तडजोडीचा कागद दोन्ही ब्रोकरेजशी वेगवेगळा करावा, त्यात उरलेल्या कमिशनवरचा हक्क सोडल्याचं वाक्य असावं, आणि खाली सही एजंटची नाही तर कंपनीच्या वतीनं सही करण्याचा अधिकार असलेल्या ब्रोकरची घ्यावी.